जाहिरात एजन्सीचा करार संपवताना

नाशिकमध्ये मॉड्युलर किचन करून देणारे एक उद्योजक आहेत, असं समजू. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी ऑनलाइन जाहिरातींचं काम एका एजन्सीला दिलं. एजन्सीची फी महिना ४० हजार, जाहिरातींचा खर्च महिना ६० हजार. सहा लाख गेले आणि किचनच्या ऑर्डरी आल्या बारा. म्हणजे एका ऑर्डरीमागे ५० हजार खर्च, आणि एका किचनमागे त्यांना सुटतात ४० हजार. हे चालू ठेवता येत नाही.

अशा वेळी तावातावानं 'तुम्ही कराराचा भंग केला' असं लिहून टाकायचा मोह होतो. तिथेच पत्र फसतं. बहुतेक करारांत एजन्सी मेहनतीची हमी देते, ऑर्डरींची नाही. त्यामुळे निकाल कमी आले एवढ्यावर भंग सिद्ध होत नाही आणि आरोप केला की वाद सुरू होतो. कारण न देता, ठरावीक मुदतीची सूचना देऊन करार संपवण्याचं कलम त्यात असेल, तर त्याचाच आधार घ्यावा. हे कलम प्रत्येक करारात असतंच असं नाही, म्हणून आधी करार वाचावा. आपल्याकडे आलेले चौकशीचे फोन वेळेवर उचलले गेले का, हेही तपासावं, कारण एजन्सीचं पहिलं उत्तर तेच असतं.

मग पत्र असं होतं: 'करारातील कलम ९ नुसार ३० दिवसांची सूचना देत आहोत. सहा महिन्यांत सहा लाख रुपये खर्चून बारा ऑर्डरी मिळाल्या. हा खर्च आम्हाला परवडणारा नाही. आपल्या चमूने घेतलेल्या कष्टांबद्दल आभारी आहोत. सूचना-काळातील फी ठरल्या तारखेला देऊ.' आकडे एकदाच येतात, विशेषण एकही नाही. 'जमल्यास पुढे पाहू' असलं वाक्यही नको, कारण त्यातून घासाघीस सुरू होते. सौजन्य आभारात आणि फीच्या आश्वासनात आहे. निर्णय पहिल्याच वाक्यात आहे.

खरी काळजी पुढच्या परिच्छेदाची घ्यावी. गूगल अ‍ॅड्सचं खातं, फेसबुक पान, वेबसाइटचं डोमेन कोणाच्या नावावर आहे? खातं एजन्सीनं स्वतःच्या नावानं उघडलं असेल, तर कोणत्या शब्दांवर, कोणत्या भागात चौकशा आल्या हा जुना हिशेबही तिच्याकडेच राहतो. म्हणून अमुक तारखेपर्यंत अ‍ॅडमिनचे हक्क, डोमेनचा ताबा आणि मूळ छायाचित्रं द्यावीत, अशी नेमकी मागणी लिहावी. मात्र ती पूर्ण होईपर्यंत देय फी अडवू असं लिहू नये. करारात तशी मुभा नसेल तर भंग आपल्याकडून होतो.

सूचना कशी पाठवायची, ईमेलनं की टपालानं, हेही करारात असतं. तसंच पाठवून पोच जपावी. आणि जाहिराती कोणत्या दिवशी थांबवायच्या ते पत्रातच लिहावं, नाहीतर करार संपल्यावरही कार्डावरून पैसे कापले जात राहतात.