एक नॅनोसेकंद म्हणजे एक मीटर

अंधेरी, विद्याविहारच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या मुलांकडे प्रोजेक्टच्या मोसमात एक वस्तू हमखास सापडते. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली, दोन ओळींची, प्रत्येक ओळीत सोळा अक्षरं दाखवणारी ती हिरवी किंवा निळी पट्टी. दुकानात तिला नुसतं ‘सोळा बाय दोन’ म्हणतात. वीज दिली की लगेच अक्षरं उमटावीत अशी आपली अपेक्षा. पण पहिलं अक्षर उमटण्याआधी ही पट्टी केवढा प्रवास करवते, ते एकदा मोजूनच बघू.

मापासाठी एकच करार करू. एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, बरोबर एक मीटर. बस्स. आता चला.

पट्टीला ‘हे घे’ म्हणून सांगणारी एक तार असते, इनेबलची. तिच्यावर ठोका द्यायचा, म्हणजे ती वर न्यायची आणि खाली आणायची. पाच व्होल्टवर हा ठोका निदान २३० नॅनोसेकंद रुंद हवा. आपल्या मापात २३० मीटर! बारा डब्यांच्या लोकलपेक्षाही जरा आखूडच. एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत निदान अर्धा किलोमीटर अंतर ठेवायचं. इथवर सगळं आवाक्यातलं आहे, चालत जाण्यासारखं.

पण पट्टीच्या मागे हिताचीच्या एचडी४४७८० जातीची जी चिप असते, तिची चाल निराळी. तिच्या घड्याळाचा एक टोला सुमारे ३.७ किलोमीटरचा. वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रोची ११.४ किलोमीटरची लाइन तिच्या तीन टोल्यांत जवळजवळ संपते. तिला आज्ञा देणाऱ्या आर्डुइनोचा टोला मात्र फक्त साडेबासष्ट मीटरचा. हिचा एक टोला पडेपर्यंत त्याचे एकोणसाठ होतात! साधी आज्ञा पाळायला चिपला दहा टोले लागतात, म्हणजे ३७ किलोमीटर. चर्चगेटहून निघालात तर बोरिवली ३४ वर मागे पडलं आणि दहिसरही गेलं. आज्ञा देणं लोकलच्या लांबीचं, ती पाळणं आख्ख्या लोकलमार्गाचं. आज्ञा देऊन न थांबता पुढची दिली तर ती हवेत जाते, आणि चिप तक्रारही करत नाही.

चार बिटांची गंमत इथेच आहे. आठ बिटांची आज्ञा आठ तारांवरून एकदम द्यायची, की चारच तारा जोडून दोन हप्त्यांत? आधी वरचे चार, मग खालचे चार. दुसऱ्या हप्त्याचा जादा खर्च अर्धा किलोमीटर. एक अक्षर लिहायला एरवीही सुमारे ४१ किलोमीटर जातातच. त्यात अर्धा किलोमीटर कोण मोजतो? चार तारा वाचल्या, आर्डुइनोच्या चार पिना मोकळ्या झाल्या. एवढा स्वस्त सौदा लॅमिंग्टन रोडवरही मिळायचा नाही.

फक्त चिपला ‘आता चारच तारा’ हे आधी पटवावं लागतं, आणि खरा प्रवास तिथे सुरू होतो. पूर्ण यादी अशी. डावीकडे तारांवर ठेवायचा आकडा, उजवीकडे त्यानंतरचं थांबणं:

```
(power on)  40 ms
3           4.1 ms
3           100 us
3           37 us
2           37 us
2 8         37 us
0 8         37 us
0 1         1.52 ms
0 6         37 us
0 C         37 us
```

पहिलीच ओळ बघा. वीज आल्यावर चाळीस मिलिसेकंद गप्प बसायचं. व्होल्टेज साडेचारच्या वर गेल्यापासून मोजलं तर पंधरा पुरतात, पण आपण सुरक्षित हिशेब धरू. चाळीस मिलिसेकंद म्हणजे चाळीस हजार किलोमीटर. पृथ्वीचा घेर! एक अवाक्षर न काढता विषुववृत्ताला आख्खी प्रदक्षिणा!

मग तीन वेळा तीन. हा वेडेपणा नाही. आपण बोलायला लागतो तेव्हा चिप कुठल्या अवस्थेत आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं. रीसेटचं बटण दाबलं तर आर्डुइनो नव्याने सुरू होतो, पण पट्टीची वीज गेलेली नसते. ती जुन्याच चार-बिटांत असते, कदाचित अर्धी आज्ञा तोंडात धरून. आठ बिटांत असेल तर प्रत्येक तीन म्हणजे ‘आठ तारा’. चार बिटांत असेल तर दोन तीन जुळून तोच निरोप बनतो. अर्धी आज्ञा अडकली असेल तर पहिला तीन तिचं शेपूट होतो आणि उरलेले दोन काम करतात. तीनही वाटा शेवटी आठ बिटांच्या फलाटावर येतात, आणि तिथून ‘२’ तिला चार बिटांच्या गाडीत बसवतो.

पहिल्या तिनानंतरचे ४.१ मिलिसेकंद म्हणजे ४,१०० किलोमीटर. रेल्वेने मुंबई-पुणे १९२ किलोमीटर, म्हणजे दहा वेळा जाऊन-येऊन अकराव्यांदा पुण्यात उतरलात तरी थोडं उरतंच. एवढं का? अडकलेल्या अर्ध्या आज्ञेला तिनाचं शेपूट लागून सगळ्यांत लांबलचक आज्ञा तयार झाली असेल, त्यात चिपचं घड्याळही हळू असेल, तर तीही पुरी व्हावी म्हणून. दुसऱ्या तिनानंतर फक्त शंभर किलोमीटर. सीएसएमटी ते कर्जत, झालं!

पुढच्या आज्ञा चटचट जातात: दोन ओळी, पडदा बंद, पुसा, कर्सर उजवीकडे, पडदा चालू. त्यातली ‘पुसा’ मात्र खादाड आहे. चिपच्या ऐंशी घरांत एकेक करून रिकामी जागा भरावी लागते, म्हणून १,५२० किलोमीटर. मुंबई सेंट्रलहून नवी दिल्ली सुमारे १,३८५. ती ओलांडून वर शंभराहून जास्त!

हे सारं चुकलं की कळतं कसं? वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन आणि खालची ओळ कोरी दिसली, की समजायचं, पट्टीला वीज पोचली, निरोप पोचला नाही. दुसरी खूण जास्त मजेदार. पट्टी नीट चालू असताना इनेबलच्या तारेवर एक फालतू ठोका घुसला, की सगळे हप्ते एका घराने सरकतात. `ANDHERI` पाठवा: 41 4E 44 48 45 52 49. सरकल्यावर चिपला ऐकू येतं x4, 14, E4, 44, 84, 55, 24. नेहमीच्या जपानी अक्षरसंचात दुसरं घर कोरं, मग ग्रीक `μ`, मग `D`, पुन्हा कोरं, मग `U` आणि `$`. अंधेरीचं असं झालं की समजावं, एक हप्ता घसरला. पुन्हा पहिल्या तिनापासून सुरुवात करा.

आता बेरीज. प्रदक्षिणा चाळीस हजार, मग ४,१००, मग १००, ‘पुसा’चे १,५२०, आणि ३७-३७चे सहा थांबे म्हणजे २२२. एकूण ४५,९४२ किलोमीटर! मुंबई-पुण्याच्या जवळपास २३९ फेऱ्या! आणि हे सगळं शेचाळीस मिलिसेकंदांत. एक दशांश सेकंदात पापणी लवली, तर तेवढ्यात हा सोहळा दोनदा आटोपून वेळ उरतो. त्यानंतर `ANDHERI`ची सात अक्षरं लिहायला फक्त २८७ किलोमीटर, दीड मुंबई-पुणे.

आणि या शेचाळीस हजारांत आपण प्रत्यक्ष बोललो किती? चार एकेरी आकडे, पाच दुहेरी. ठोके चौदा. चौदा गुणिले २३० मीटर: सव्वातीन किलोमीटरसुद्धा पुरे नाहीत!