नाव बदललं, पत्ता बदलला. बिल कोणाच्या नावाचं?

भोसरीतली एक भागीदारी पेढी घेऊ. नट-बोल्ट बनवते. भागीदारांनी तिची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली आणि त्याच सुमारास कारखाना चाकणला हलवला. ग्राहकांना पत्र गेलं : ‘आमचे नाव व पत्ता बदलला आहे, कृपया नोंद घ्यावी.’ पत्र सभ्य आहे, पण ग्राहकाच्या हिशेब विभागाला त्यातून काहीच कळत नाही. त्यांना आधी विचारायचं असतं, पॅन तोच आहे का?

कारण जीएसटीचा पंधरा अक्षरी क्रमांक पॅनवरच उभा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. आधीच असलेल्या कंपनीनं नुसतं नाव बदललं, तर पॅन तोच राहतो आणि जीएसटी क्रमांकही तोच. बदलाची नोंद मात्र पंधरा दिवसांत आरईजी-१४ या अर्जानं करावी लागते. अशा कंपनीला पुढची दोन वर्षं बिलांवर आणि पत्रांवर नव्या नावासोबत जुनं नावही छापावं लागतं. राज्यातल्या राज्यात पत्ता बदलला तरी क्रमांक बदलत नाही. भोसरीहून चाकणऐवजी बेळगावला गेले असते, तर सुरुवातीचे २७ जाऊन २९ आले असते, म्हणजे तिथली नोंदणी नवी.

आपल्या पेढीचं तसं नाही. भागीदारी पेढी आणि कंपनी कायद्यानं वेगळ्या व्यक्ती आहेत, म्हणून पॅन नवा आणि जीएसटी क्रमांकही नवा. ग्राहकाच्या दृष्टीनं पुरवठादारच बदलला. जुनी खरेदी ऑर्डर जुन्या नावावर आहे. ती बदलून घ्यावी लागते आणि मोठ्या कारखान्यांत नवा व्हेंडर कोड उघडावा लागतो. त्याला वेळ लागतो. म्हणून नवा जीएसटी क्रमांक हातात आल्यावरच बदलाची तारीख ठरवावी आणि पत्र तिच्या बरंच आधी पाठवावं.

समजा तारीख १ जुलै ठरली. ५ जुलैला एक लाखाचा माल गेला, १८ टक्क्यांनी १८,००० रुपये कर. बिल छापणाऱ्यानं सवयीनं जुनाच क्रमांक टाकला, आणि कंपनीनं ते बिल विवरणपत्रात नव्या क्रमांकाखाली दाखवलं. जुलैचं जीएसटीआर-१ भरायची मुदत साधारणपणे ११ ऑगस्ट. ग्राहकाला त्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये ते बिल दिसतं १४ ऑगस्टला. हातातल्या बिलावर एक क्रमांक, पोर्टलवर दुसरा. त्या १८,००० रुपयांचं क्रेडिट घ्यायला त्याचा हिशेबनीस कचरतो आणि तुमचे पैसे अडकतात. चूक घडली त्याला तोवर पाच आठवडे उलटलेले असतात आणि तशी आणखी बिलं गेलेली असतात.

म्हणून पत्रात हे असं सरळ लिहावं : ‘३० जूनपर्यंतची बिले जुन्या पेढीच्या नावे व जुन्या जीएसटी क्रमांकाने राहतील. १ जुलैपासूनची सर्व बिले कंपनीच्या नावे येतील. कंपनीचा पॅन व जीएसटी क्रमांक नवीन असून दोन्ही प्रमाणपत्रे सोबत जोडली आहेत. ३० जूनपर्यंतच्या बिलांचे पैसे पुढील खात्यात भरावेत.’ शेवटचं वाक्य बहुतेक पत्रांत नसतं, आणि नेमकं त्याच्यासाठीच फोन येतात. नवा पॅन टीडीएससाठीही लागतो. तो मिळाला नाही, तर ग्राहकाला जास्त दरानं, माल खरेदीवर ५ टक्क्यांनी, कपात करावी लागते.

कंपनीचं बँक खातंही नवं असणार, आणि इथे ग्राहकानं सावध राहायलाच हवं. ‘आमचं खातं बदललं’ असे बनावट ई-मेल पाठवून पैसे लुबाडले जातात, आणि खरं पत्रही दिसायला तसंच असतं. नव्या पत्रावर छापलेल्या नंबरवर फोन करून खात्री होत नाही. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवरच विचारावं. जीएसटी क्रमांक gst.gov.in वर टाकला की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, व्यवसायाचा पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे कोणालाही पाहता येतं. पुरवठादारानं रद्द केलेला धनादेश जोडावा आणि अशी विचारपूस करण्याची विनंती स्वतःहून करावी.

पत्र फक्त खरेदी विभागाला देऊन भागत नाही. बिलं मंजूर करणारा हिशेब विभाग आणि माल उतरवून घेणारं गेट, दोघांकडे प्रत हवी. नाहीतर नव्या नावाच्या चलनाचा ट्रक गेटवरच उभा राहतो.

जुनी नोंदणी रद्द करण्याची घाई बऱ्याच जणांना नडते. जूनमधला काही माल ऑगस्टमध्ये नापास होऊन परत येतो. त्याची क्रेडिट नोट ज्या क्रमांकानं बिल गेलं त्याच क्रमांकानं निघायला हवी. तेव्हा रद्द करण्याची तारीख कर सल्लागाराशी बोलून ठरवावी आणि त्याआधी ग्राहकांना विचारावं, जुन्या बिलांपैकी परत येणारं किंवा दर दुरुस्त करायचं काही बाकी आहे का. उत्तर लेखी घ्यावं.