चुकलेली भेट आणि नर्सचा फोन : रक्तदाबाच्या पाठपुराव्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सरकारी दवाखान्यातून उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला सामान्यतः ३० दिवस पुरतील एवढ्या गोळ्या दिल्या जातात आणि त्या संपण्याच्या सुमारास रक्तदाब मोजून पुढच्या गोळ्या घेण्यासाठी त्याला पुन्हा बोलावले जाते. या भेटीला न आलेल्या रुग्णांची यादी काढून त्यांना फोन करणे, हा २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या कार्यपद्धतीचा एक भाग आहे. हा फोन म्हणजे केवळ तारखेची आठवण, असा समज रुग्णांत आहे आणि काही प्रमाणात कर्मचाऱ्यांतही आहे. परंतु रुग्ण तारीख विसरल्यामुळेच आला नाही, असे गृहीत धरून केलेला फोन बहुधा ‘हो, येतो’ या उत्तरावर संपतो आणि न येण्याचे खरे कारण तसेच राहते. म्हणून अशा फोनची संहिता, म्हणजे नर्सने काय आणि कोणत्या क्रमाने विचारावे याचा लेखी आराखडा, भेटीच्या तारखेपासून नव्हे, तर रुग्णाच्या सध्याच्या स्थितीपासून सुरू व्हायला हवी.

त्याआधी एक पायरी अशी आहे की जिच्याकडे सहज दुर्लक्ष होते. दवाखान्यात नोंदवलेला क्रमांक अनेकदा मुलाचा, सुनेचा किंवा शेजाऱ्याचा असतो, आणि घरच्यांना आजार सांगण्यात वावगे काय, असे मानून ‘त्यांची बीपीची गोळी चुकली आहे’ हे फोन उचलणाऱ्यालाच सांगितले जाते. वास्तविक आजाराची माहिती ही रुग्णाची खासगी बाब असल्याने, ‘आरोग्य केंद्रातून सिस्टर बोलते आहे, मावशींशी बोलायचे होते, त्या केव्हा भेटतील?’ एवढेच विचारून थांबणे योग्य होय. रुग्ण फोनवर आल्यावर पूर्ण नाव आणि गाव विचारून ओळख पटवावी, कारण एकाच नावाच्या दोन व्यक्ती एका गावात असणे मुळीच दुर्मीळ नाही.

ओळख पटल्यावरचा पहिला प्रश्न प्रकृतीचा असतो आणि तो औपचारिक नसतो. छातीत दुखणे, धाप लागणे, हातापायातील बळ एका बाजूने अचानक जाणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा एकाएकी दिसेनासे होणे, यांपैकी काहीही होत असल्याचे रुग्णाने सांगितले, तर संहिता तेथेच सोडून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावण्यास सांगावे आणि जवळच्या नातेवाइकाला फोनवर घ्यावे. अशा वेळी पुढची तारीख देणे धोक्याचे ठरते.

तातडीचे काही नसेल, तर ‘का आला नाहीत?’ या जाब विचारणाऱ्या वाक्याऐवजी ‘घरात आज किती गोळ्या शिल्लक आहेत?’ असे विचारावे, कारण शिल्लक गोळ्यांच्या संख्येतून रुग्ण सहसा आपणहून सांगत नाही ते कळते. उदाहरणादाखल भंडारा जिल्ह्यातील भाताच्या रोवणीला मजुरीने जाणाऱ्या एका ५६ वर्षांच्या स्त्रीची कल्पना करता येईल. तिला १० जूनला ॲम्लोडिपिन या, रक्तवाहिन्या सैल करून दाब उतरवणाऱ्या औषधाच्या ३० गोळ्या रोज एक या प्रमाणात दिल्या आणि १० जुलैची तारीख दिली. ती आली नाही आणि १८ जुलैच्या सकाळी, त्या दिवसाची गोळी घेण्यापूर्वी, तिला फोन गेला. तिच्याकडे चार गोळ्या उरल्या आहेत, असे ती सांगते. १० जून ते १७ जुलै हे ३८ दिवस होतात आणि गोळ्या मात्र २६ संपल्या आहेत, म्हणजे तिची भेट आठ दिवसांनी लांबली असली, तरी औषध बारा दिवस चुकलेले आहे. ‘रोवणीचे दिवस होते, दवाखान्यात गेले की रोजी बुडते, म्हणून गोळ्या पुरवून पुरवून घेतल्या’ हे तिचे उत्तर हिशेबानंतर येते, आणि जिला सहज निष्काळजी ठरवले गेले असते, ती स्त्री आपल्या परीने उपचार टिकवण्याचाच प्रयत्न करत होती, हे त्यातून दिसते.

येथे नर्सने तिला दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या असतात : चुकलेल्या गोळ्या भरून काढण्यासाठी एका दिवशी दोन घेऊ नयेत, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे आजपासून पुन्हा रोज एक घ्यावी. तसे केल्यास चार गोळ्या २१ जुलैपर्यंत पुरतात, म्हणून नवी तारीख त्याच्या आतली हवी. आणि गावाच्या उपकेंद्रात गोळ्या उपलब्ध असतील, तर तालुक्याच्या दवाखान्याऐवजी तेथे, कामावर जाण्याआधीची वेळ ठरवणे हे त्या बाईच्या दृष्टीने कोणत्याही उपदेशापेक्षा उपयोगाचे आहे.

काही रुग्णांच्या बाबतीत मात्र अडचण रोजीची नसून समजुतीची असते. ‘मला काही त्रासच नाही’ आणि ‘मागच्या वेळी बीपी नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद केली’ ही दोन उत्तरे फार ऐकू येतात. उच्च रक्तदाब बहुतेकांत वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण दाखवत नाही, तरी मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांच्या रक्तवाहिन्यांची हानी चालूच असते. तसेच मागच्या भेटीत आलेला १३०/८० हा आकडा, ज्यात वरची संख्या हृदय आकुंचन पावतानाच्या आणि खालची ते सैल होतानाच्या दाबाची असते, तो गोळी चालू असतानाचा आकडा असतो. गोळी थांबल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत दाब बहुधा पूर्वीच्या पातळीकडे परततो. यासाठी नर्सचे वाक्य साधे असावे : ‘आकडा चांगला आला तो गोळीमुळे, ती कमी करायची की नाही, ते डॉक्टर तपासून सांगतील.’

‘गोळीने किडनी खराब होते’ ही भीती अधिक खोल आहे आणि ती हसण्यावारी नेणे चूक ठरेल, कारण तिच्यामागे कधी कधी प्रत्यक्ष अनुभव असतो. ॲम्लोडिपिन घेणाऱ्या काहींच्या घोट्यांना सूज येते, आणि पाय सुजणे म्हणजे किडनी बिघडणे, अशी सर्वसाधारण समजूत असल्याने रुग्ण गोळी सोडतो. ही सूज औषधाचा ज्ञात दुष्परिणाम असू शकते. परंतु हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारातही पाय सुजतात, त्यामुळे फोनवर निदान न करता लवकरची तारीख देऊन डॉक्टरांना कळवणे, हीच नर्सच्या अधिकाराची मर्यादा आहे. फोनवरून मात्रा बदलणे किंवा दुसरे औषध सुचवणे संहितेत बसत नाही. नियंत्रणात न राहिलेला रक्तदाब हेच मूत्रपिंड निकामी होण्याचे एक प्रमुख कारण आहे, हे मात्र तिने निःसंकोच सांगावे.

तारीख ठरल्यावर आणखी एक सूचना द्यावी लागते. तपासणीच्या दिवशी गोळी न घेता गेल्यास ‘खरा’ आकडा कळतो, असे पुष्कळजण मानतात. प्रत्यक्षात डॉक्टरांना औषध पुरेसे पडते आहे का, हे पाहायचे असते, म्हणून त्या दिवशीही नेहमीच्या वेळी गोळी घेऊन, उरलेली पाकिटे सोबत आणावीत आणि मोजण्याआधी अर्धा तास चहा व तंबाखू टाळावी.

फोन लागलाच नाही तर वेगळ्या वेळी पुन्हा प्रयत्न करावा आणि तरीही संपर्क न झाल्यास आशा कार्यकर्तीला घरी पाठवावे. रुग्ण स्थलांतरित झाला आहे, खासगी डॉक्टरांकडे उपचार घेतो आहे की मरण पावला आहे, याची वेगवेगळी नोंद करावी, नाहीतर दुःखात असलेल्या घरी पुन्हा फोन जातो. ‘येतो म्हणाले’ या नोंदीने पाठपुरावा मात्र पूर्ण होत नाही. ठरलेल्या तारखेनंतर रक्तदाबाचा आकडा नोंदला गेला नसेल, तर ते नाव पुन्हा यादीत घ्यावे आणि फोन पुन्हा करावा.