आधीचं काम अडलं, तर पुढच्याचं काय?

जून 2012. ब्रिटनच्या आरबीएस बँक समूहाने रात्रीची कामं क्रमाने चालवणारं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं. गडबड दिसताच नवी आवृत्ती काढली, पण काढल्यावर काय होईल हे आधी तपासलं नव्हतं. जुनी-नवी आवृत्ती जुळेना आणि कामं तुंबली. कालचा हिशेब बंद झाल्याशिवाय आजचा सुरू होत नाही, त्यामुळे प्रत्येक रात्रीची भर आदल्या रात्रीच्या ढिगाऱ्यावर पडत गेली. अल्स्टर बँकेचा क्रम नॅटवेस्ट आणि आरबीएसनंतर होता. तिचे ग्राहक काही आठवडे अडकले. ब्रिटनमधल्या सुमारे 65 लाख ग्राहकांना झळ बसली. 2014 मध्ये तिथल्या नियामकांनी समूहाला एकूण 5 कोटी 60 लाख पौंड दंड केला.

अशा साखळीत प्रत्येक कडीला एक प्रश्न विचारून ठेवावा लागतो: आधीचं काम फसलं, तर मी काय करू?

एखाद्या बँकेची रात्र घ्या. अकरा वाजता दिवसभराचे व्यवहार खात्यांवर चढवायला सुरुवात होते. मग व्याज मोजलं जातं आणि पहाटे ग्राहकांना शिलकीचे एसएमएस जातात. समजा, व्यवहार चढवणं अर्ध्यावर बंद पडलं. आता व्याज मोजलं तर ते चुकीच्या शिलकीवर लागेल आणि लाखो खात्यांतून उलटवत बसावं लागेल. म्हणून व्याजाने थांबायचं, मात्र किती वाजेपर्यंत हे आधीच ठरलेलं हवं. पहाटे चारपर्यंत दुरुस्ती झाली नाही, तर ड्युटीवरच्या माणसाचा फोन वाजला पाहिजे. एसएमएसचं तसं नाही. चुकीची शिलक कळवण्यापेक्षा त्या दिवशीचा संदेश रद्द केलेला बरा, कारण गेलेला संदेश परत घेता येत नाही. बॅकअप मात्र काहीही झालं तरी चाललाच पाहिजे. बिघाडाच्या रात्री त्याची गरज जास्तच.

एअरफ्लो या प्रचलित साधनात मुळात `all_success` हा नियम असतो: आधीचं सगळं यशस्वी झालं तरच पुढचं चालतं. बॅकअपसाठी तो बदलून `all_done` करतात, म्हणजे आधीची कामं संपली की झालं, निकाल काहीही असो. मुळात फसलेलं काम `failed` दिसतं आणि त्याच्यामुळे न चाललेलं `upstream_failed`. दुरुस्ती पहिल्याची करायची.

हे नियम फक्त ‘यशस्वी’ हा शिक्का वाचतात, आतली माहिती नाही. व्यवहारांची फाइल रिकामी आली, तरी ती वाचणारं काम बिनचूक पार पडतं, शिक्का हिरवा मिळतो आणि व्याज धडाधड मोजलं जातं. म्हणून व्याजाच्या आधी एक लहानसं ताळमेळाचं काम लावतात. फाइलीतले व्यवहार आणि त्यांची एकूण रक्कम पाठवणाऱ्याने कळवलेल्या आकड्यांशी जुळली नाही, तर ते काम मुद्दाम स्वतःला नापास करतं. मग पुढच्या सगळ्या कड्या आपापल्या ठरलेल्या नियमाने वागतात.