खिडकीवरचा लिंटल आणि भिंतीतली सहा इंच टेक

घराचे बांधकाम जमिनीपासून सात फुटांवर आले की साइटवर ‘लिंटल लेव्हल’ आली असे म्हणतात. दारे-खिडक्यांच्या वरची मोकळी जागा आडव्या तुळईने बांधून घ्यायची आणि मग वरची भिंत पुढे न्यायची. घरमालकाचे लक्ष तोवर टाइल्सच्या दुकानाकडे गेलेले असते, त्यामुळे लिंटलची जाडी किती आणि तो दोन्ही बाजूंच्या भिंतीवर किती टेकला, हे बहुतेक वेळा मिस्त्रीच ठरवतो. चांगला मिस्त्री हे बरोबर ठरवतोही. पण तो तीन फुटी दाराला जे करतो तेच आठ फुटी खिडकीलाही करतो का, हे पाहायला हवे.

आधी लिंटलवर वजन येते किती ते समजून घेऊ. विटांची भिंत सांधे मोडून रचलेली असते, म्हणजे खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरची वीट बसते. त्यामुळे खिडकीवरची सगळी भिंत लिंटलवर येत नाही. जुन्या घरात लाकडी पाटली कुजून खाली आली, तर तिच्यावरच्या विटा साधारण त्रिकोणी आकारात निखळतात आणि त्यावरची भिंत कमानीसारखी स्वतःला पेलून धरते. इंजिनिअर हिशेबात हाच त्रिकोण धरतात. त्याचे कोन साठ अंशांचे असतात आणि पाया लिंटलच्या लांबीएवढा.

एक नेहमीची खिडकी घेऊ. रुंदी चार फूट, भिंत नऊ इंची विटेची, लिंटल काँक्रीटचा सहा इंच जाड आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच टेकलेला. हिशेबासाठी एका टेकीच्या मध्यापासून दुसऱ्या टेकीच्या मध्यापर्यंतचे अंतर धरतात, ते साडेचार फूट. एवढ्या पायाच्या त्रिकोणाची उंची चार फुटांना थोडी कमी. त्यातल्या विटकामाचे वजन सुमारे ३६० किलो आणि लिंटलचे स्वतःचे १३० किलो. म्हणजे एका टोकावर अडीचशे किलोही नाहीत. एवढ्यासाठी तीन इंच टेकही पुरेल, असे कागदावर दिसते.

पण हा त्रिकोण पुरा व्हायला लिंटलच्या वर चार-पाच फूट सलग भिंत लागते. आपल्या घरात ती कुठे असते? स्लॅब दहा फुटांवर, लिंटलचा माथा साडेसात फुटांवर, मधे उरते अडीच फूट भिंत. म्हणजे त्रिकोण पुरा होण्याआधीच स्लॅब येतो आणि त्याचे वजन थेट लिंटलवर उतरते. खोली दहा फूट रुंद असेल आणि स्लॅब त्या दिशेने टाकला असेल, तर स्लॅब, फरशी आणि वरची माणसे-सामान धरून भिंतीच्या दर फुटाला तीनशे किलोच्या आसपास भार येतो. आता साडेचार फुटांवर स्लॅबचे १,३५० किलो, मधल्या विटकामाचे सुमारे ४६० आणि लिंटलचे १३०. बेरीज साधारण १,९५० किलो. एकेका टोकावर पाऊण टनापेक्षा बरेच जास्त, जवळजवळ एक टन.

हे वजन नऊ इंच रुंद भिंतीवर सहा इंच टेकीतून उतरले, तर विटेवर दर चौरस सेंटिमीटरला २.८ किलो दाब येतो. टेक तीनच इंच ठेवली तर साडेपाचच्या वर. साध्या स्थानिक विटेच्या आणि सिमेंट मॉर्टरच्या भिंतीवर हा दाब साडेतीन किलोच्या आसपास असावा असे धरतात. शिवाय हा आकडा सरासरीचा आहे. लिंटल भाराखाली किंचित वाकतो, त्यामुळे खिडकीकडच्या कडेवर दाब त्याहून जास्त असतो. नेमक्या त्याच कडेला विटेचे अर्धे तुकडे बसवायची सवय आपल्याकडे आहे!

म्हणून साइटवरचा नियम असा: सहा इंच, लिंटलची जाडी आणि उघड्या जागेच्या रुंदीचा दहावा भाग, यांत जे मोठे तेवढी टेक. चार फुटी खिडकीला सहा इंच चालतात. आठ फुटी खिडकीला दहा इंच हवेत आणि लिंटलही जाड हवा, तिथे इंजिनिअरकडून सळया काढून घ्याव्यात. एएसी ब्लॉक किंवा कोकणातला जांभा विटेपेक्षा मऊ असेल, तर सात-आठ इंचांखाली जाऊ नये. पोकळ ब्लॉक असतील तर टेकीखालचे ब्लॉक काँक्रीटने भरून घ्यावेत. लिंटलचे टोक चौकटीवर मात्र कधीच टेकवू नये. ते टेकले की दार अडकायला लागते आणि बिचाऱ्या सुताराला बोल लागतो.

आता निवडीचे. वाड्यांमध्ये सागवानी पाट्या शतकभर टिकल्या, कारण लाकूड जुने आणि पक्के होते आणि कोरडे राहिले. आज तसे लाकूड परवडत नाही आणि वाळवी सोडत नाही. काळा दगड दाबाला भक्कम, पण वाकवले की एकदम तुटतो. त्यामुळे तीन फुटांपलीकडे एकसंध दगडाचा भरवसा धरू नये. शहाबादी फरशी कोनाड्यावर ठीक, खिडकीवर नको. उरते काँक्रीट. चार फुटी खिडकीला खाली दहा मिलिमीटरच्या दोन सळया, वर आठच्या दोन आणि सहा इंचांवर रिंगा, एवढी रचना नेहमी दिसते. वाकताना लिंटलची खालची बाजू ताणली जाते, म्हणून जाड सळया खाली. जमिनीवर ओतून मग उचलून ठेवायचा लिंटल उलटा बसला, तर हे सगळे वाया जाते. म्हणून ओतल्याबरोबर वरच्या अंगाला खूण करून ठेवावी.

लिंटलसोबत छज्जा ओतला असेल तर आणखी एक गोष्ट येते. छज्जा बाहेर लोंबतो आणि लिंटलला पिळून पुढे पाडायला बघतो. त्याच्या मुख्य सळया वरच्या बाजूला हव्यात आणि लिंटलवर भिंत चढेपर्यंत सेंट्रिंग काढू नये, कारण वरच्या भिंतीचे वजनच त्याला मागे धरून ठेवते.

घर झाल्यावर चूक भिंतीवर वाचता येते. लिंटलच्या टोकाखालून जवळजवळ उभी तडा निघाली असेल, तर टेक अपुरी असावी किंवा टेकीखालची वीट चिरडली असावी. टोकावरून पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी वर जाणारी तडा असेल, तर लिंटल वाकतो आहे. लिंटलच्या कडेने गिलाव्यातली केसाएवढी रेष मात्र बहुधा काँक्रीट आणि वीट वेगळ्या प्रमाणात आक्रसल्यामुळे असते. तिथे गिलाव्याआधी कोंबडीजाळी मारलेली असती, तर ती दिसली नसती. पहिल्या दोन तडांवर पेन्सिलने तारीख टाकावी. तडा वाढत असेल तर पुट्टी भरून झाकू नये, इंजिनिअरला बोलवावे.

भूकंपाचा धोका असलेल्या भागात टेकीचा प्रश्नच वेगळ्या रीतीने सुटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या. त्या भिंतींना एकमेकींशी बांधणारे काही नव्हते. म्हणून भिंतीवर उभ्या राहणाऱ्या घरांत लिंटल लेव्हलला सगळ्या भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवायला सांगतात आणि कोपऱ्यांत सळया वळवून एकमेकींत अडकवतात. मग प्रत्येक खिडकीला वेगळा लिंटल उरत नाही, हाच पट्टा लिंटलचे काम करतो. पण उघड्या जागेवर त्यात जास्तीच्या सळया टाकाव्या लागतात, ते विसरू नये.

कॉलम-बीमच्या इमारतीत स्लॅबचे वजन बीमवर जाते, तिथे लिंटलला फक्त मधली भिंत पेलायची असते. भिंतीवर उभ्या असलेल्या घराला ही सूट नाही. म्हणून लिंटल ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी टेप घेऊन साइटवर जा, टेकीची जागा दोन्ही टोकांना मोजा, खाली वीट अख्खी आहे का ते पाहा आणि नसेल तर त्याच वेळी बदलून घ्या.