ना-हरकत पत्रासाठी अर्ज : आशय आणि भाषा

'हरकत' हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा तेथील अर्थ 'हालचाल' असा आहे. मराठीत त्याला 'आक्षेप' हा अर्थ प्राप्त झाला. 'ना-हरकत' या संज्ञेतच अर्जाचे प्रयोजन दडलेले आहे. कार्यालय तुमच्या शिक्षणाला साहाय्य करण्याचे वचन देत नाही. आपला आक्षेप नाही, एवढेच ते लिहून देते. म्हणून अर्जात शिक्षणाची महती सांगण्याऐवजी संभाव्य आक्षेपांचे निरसन करावे.

एक उदाहरण घेऊ. विसरवाडी (ता. नवापूर, जि. नंदुरबार) येथील जिल्हा परिषद शाळेत काम करणाऱ्या, डी.एड. झालेल्या एका शिक्षिकेला मुक्त विद्यापीठातून बी.ए. करावयाचे आहे, असे समजा. अर्ज शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, नंदुरबार यांच्या नावे लिहिला, तरी तो मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, नवापूर यांच्यामार्फत पाठवावा. 'मार्फत' ही ओळ वगळल्यास अर्ज अभिप्रायासाठी पुन्हा खाली येतो आणि तेवढ्यात प्रवेशाची मुदत संपू शकते.

अर्जाचा मुख्य मजकूर असा असेल :

"महोदय,
मी वरील शाळेत उपशिक्षिका या पदावर कार्यरत आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या बी.ए. (मराठी) शिक्षणक्रमास दूरशिक्षण पद्धतीने प्रवेश घेण्याची माझी इच्छा आहे. अध्ययन मी शालेय वेळेबाहेर करीन. परीक्षेच्या दिवसांसाठी नियमानुसार देय रजेचा स्वतंत्र अर्ज करीन. शिक्षणाचा खर्च मी स्वतः करणार आहे. तरी प्रवेशासाठी ना-हरकत पत्र मिळावे, ही विनंती."

या मजकुरात अधिकाऱ्याच्या मनातील तीन प्रश्नांची उत्तरे आहेत : वेळ, रजा आणि खर्च. रजेचे वाक्य विशेष लक्षपूर्वक वाचा. अनेक जण 'मी एकही रजा घेणार नाही' असे लिहितात. परीक्षा कामाच्या दिवशी आली की तेच वाक्य त्यांच्या विरोधात जाते. पाळता येईल तेवढेच लिहावे.

क्रियापदांचा काळही महत्त्वाचा आहे. 'प्रवेश घेण्याची इच्छा आहे' हे वाक्य निर्णय अधिकाऱ्याच्या हाती ठेवते. 'प्रवेश घेतला आहे' असे लिहिताच अर्जाचे स्वरूप बदलते. मग 'पूर्वपरवानगी का घेतली नाही?' हा प्रश्न पुढे येतो. म्हणून अर्ज प्रवेशापूर्वी द्यावा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व दिनांकासह पोच घ्यावी.

याच अर्जात बदली, वेतनवाढ किंवा शुल्कपरतावा यांची मागणी जोडू नये. तसे केल्यास ज्या विषयाला हरकत नाही, तोही हरकतीच्या विषयाबरोबर प्रलंबित राहतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न : तुम्ही खासगी कारखान्यात पाळीने काम करता, असे समजून वरील मजकुरातील वेळेविषयीचे वाक्य पुन्हा लिहा.