डायल तपासण्याचा कागद

कोल्हापूरजवळची शिरोली असो की पुण्याची भोसरी, दहा-वीस माणसांच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये जॉब बांधला की त्यावर डायल लावली जाते. गोल तबकडी, तिच्यावर काटा आणि खाली बाहेर आलेला प्लंजर. नेहमीच्या डायलमध्ये प्लंजर एक मिलिमीटर आत गेला की मोठा काटा एक पूर्ण फेरी मारतो. तबकडीवर शंभर घरं असतात, म्हणजे एक घर 0.01 मिलिमीटरचं, दहा मायक्रॉनचं. प्लंजरच्या दांड्यावर दाते कापलेले असतात, ते एका लहान चाकाला फिरवतात, ते चाक पुढच्या चाकाला, आणि शेवटच्या चाकाच्या आसावर काटा बसवलेला असतो. दिवसभर कूलंट, बुरादा आणि धक्के सोसत हे यंत्र काम करतं, तेव्हा ते अजून खरं सांगतंय का, हे ठरावीक काळाने पाहावं लागतं. त्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

ही तपासणी बाहेरच्या लॅबकडून करून घेता येते किंवा कारखान्यातच करता येते. कारखान्यात करायची तर दोन गोष्टी हव्यात. ज्याच्याशी ताडून पाहायचं ते मास्टर साधन राष्ट्रीय मानकापर्यंत साखळीने जोडलेलं असावं, म्हणजे मान्यताप्राप्त लॅबमधून त्याचं प्रमाणपत्र आणलेलं असावं. आणि काम कसं करायचं हे लिहिलेला कागद हवा. या कागदाला सगळे एसओपी म्हणतात. बहुतेक छोट्या कारखान्यांत तो कुठून तरी उतरवलेला असतो, इंग्रजीत असतो, आणि ऑडिटच्या दिवशीच फाइलमधून बाहेर येतो. भाषेचा प्रश्न एका दुपारी सुटेल. पण अशा कागदात आणखी एक दोष असतो आणि तो जास्त घातक आहे: त्यात लिहिल्याप्रमाणे इमानदारीने काम केलं तरी वाईट डायल पास होते.

त्या कागदात साधारण असं लिहिलेलं असतं: स्टँडवर डायल लावा, प्लंजरखाली 1, 2, 3 असं करत 10 मिलिमीटरपर्यंत स्लिप गेज ठेवा, रीडिंग लिहा. वाचायला चोख वाटतं. पण एक मिलिमीटरला काट्याची एक फेरी होते. म्हणजे प्रत्येक स्लिप ठेवल्यावर काटा तबकडीवर जवळपास त्याच जागी, शून्यापाशी थांबणार. ज्या चाकाच्या आसावर काटा आहे ते जरा जरी केंद्रातून सरकलेलं असेल, तर त्याची चूक फेरीच्या अर्ध्या भागात वाढते, उरलेल्या अर्ध्यात उलटते आणि फेरी पूर्ण होताना पुन्हा शून्यावर येते. आपण तिला नेमकं त्याच ठिकाणी गाठतो जिथे ती नसते.

उदाहरणच घेऊ. समजा, अशी एक डायल पहिल्या फेरीत दर 0.1 मिलिमीटरवर तपासली. शून्याला चूक शून्य, 0.1 ला दोन मायक्रॉन जास्त, 0.2 ला पाच, 0.3 ला सात, 0.4 ला सहा, 0.5 ला तीन, 0.6 ला शून्य. पुढे ती उलट बाजूला जाते: 0.7 ला तीन मायक्रॉन कमी, 0.8 ला चार, 0.9 ला दोन, आणि 1.0 ला पुन्हा शून्य. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची चूक यांत अकरा मायक्रॉनचं अंतर आहे, म्हणजे एका घराहून जास्त. उतरवलेल्या एसओपीनुसार याच डायलचा अहवाल दहाही ठिकाणी जवळजवळ शून्य चूक दाखवेल.

म्हणून नव्या कागदातली सर्वांत महत्त्वाची ओळ तपासणीच्या बिंदूंची असायला हवी. पहिल्या फेरीत दर 0.1 मिलिमीटरला थांबायचं आणि पुढच्या फेऱ्यांत काटा दरवेळी वेगळ्या जागी येईल असे बिंदू घ्यायचे. यासाठी नवं काही विकत घ्यावं लागत नाही. 47 तुकड्यांच्या साध्या स्लिप संचात 1.1 पासून 1.9 पर्यंतचे तुकडे असतात. 1 मिलिमीटरच्या स्लिपवर शून्य लावलं की 1.1, 1.2 असं करत 2 पर्यंत एकेक तुकडा ठेवत पहिली फेरी पूर्ण होते, तुकडे एकमेकांना चिकटवायचीही गरज पडत नाही.

स्लिपांनी मात्र सगळं दिसत नाही. स्लिप बदलताना प्लंजर वर उचलावा लागतो, आणि नवी स्लिप सरकवून तो हलकेच खाली सोडावा लागतो. दरवेळी त्याची शेवटची हालचाल खाली येण्याचीच. प्रत्यक्ष कामात तो वरही जातो आणि खालीही येतो. दांड्यावर कूलंट वाळून चिकट थर बसला असेल किंवा दात्यांत ढिलेपणा आला असेल, तर त्याच उंचीला वर जाताना एक आकडा दिसतो आणि परतताना दुसरा. हा फरक पाहायचा तर प्लंजर न उचलता, न थांबवता, आधी एका दिशेने आणि मग परत न्यावा लागतो. त्यासाठी मायक्रोमीटर हेड हवा. जाड लोखंडी कंसात वर डायल आणि बरोबर तिच्या रेषेत खाली मायक्रोमीटर हेड, असं फिक्स्चर टूलरूममध्ये बनवता येतं. स्पिंडल न फिरता सरळ पुढे येणारा आणि एक मायक्रॉनपर्यंत वाचता येणारा हेड घ्यावा, आणि तो बाहेरून तपासून आणावा.

या फिक्स्चरवर रीडिंग घेण्याची रीतही लिहून ठेवायला हवी. नवखा माणूस मायक्रोमीटर 0.300 वर नेतो आणि काटा दोन रेघांच्या मध्ये कुठे आहे याचा अंदाज करतो. दोन माणसांचे अंदाज दोन-तीन मायक्रॉनने सहज वेगळे पडतात. त्याऐवजी मायक्रोमीटर फिरवत काटा बरोबर 0.30 च्या रेघेवर आणायचा आणि आकडा मायक्रोमीटरवर वाचायचा. तिथे 0.293 दिसलं, तर डायल सात मायक्रॉन जास्त दाखवतेय. रेघेवर काटा आणणं डोळ्याला सोपं असतं, आणि बारीक आकडा बारीक साधनावरच वाचला जातो. काटा रेघेच्या पुढे गेला तर तसाच मागे ओढायचा नाही. बराच मागे नेऊन पुन्हा त्याच दिशेने रेघेवर आणायचा. हे वाक्य कागदात नसेल तर जाताना आणि येतानाचा फरक कधीच विश्वासाने मोजता येणार नाही.

डायल बसवण्याबद्दल बहुतेक कागदांत एवढंच असतं: 'डायल स्टँडमध्ये घट्ट बसवा.' आज्ञाधारक माणूस स्क्रू पिळून घट्ट करतो, त्याने डायलची नळी किंचित दबते आणि आतला प्लंजर अडखळू लागतो. चांगली डायल नापास होते आणि कारण कुणालाच कळत नाही. हेच वाक्य असं लिहावं: 'डायल हलणार नाही इतपतच आवळा. नंतर प्लंजर बोटाने वर नेऊन सावकाश सोडा. तो कुठेही न अडखळता पूर्ण खाली आला पाहिजे. अडखळला तर स्क्रू ढिला करून पुन्हा पाहा.' 'नीट', 'व्यवस्थित', 'योग्य प्रकारे' असे शब्द एसओपीत दिसले की तिथे काय पाहायचं हे लिहायचं राहून गेलंय, असं समजावं.

सरळपणाचंही तसंच. प्लंजर मायक्रोमीटरच्या रेषेत नसून दोन अंशांनी कललेला असेल, तर दहा मिलिमीटरच्या प्रवासात सहा मायक्रॉनची चूक येते. पाच अंशांनी कलला तर 38 मायक्रॉनची. दोन अंश डोळ्याला दिसत नाहीत. म्हणून फिक्स्चर बनवतानाच रेष गुण्यात असल्याची खात्री करून घ्यावी, माणसाच्या नजरेवर सोडू नये. चूक प्रवासाबरोबर एकसारखी वाढत गेलेली दिसली, तर डायलला दोष देण्याआधी आपलं फिक्स्चर तपासावं.

तापमानाची भीती मात्र इथे वाजवीपेक्षा जास्त घातली जाते. प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस आहे आणि आपल्या शॉपमध्ये उन्हाळ्यात 33 असतं, हे खरं. पण दहा मिलिमीटर पोलाद तेरा अंशांनी तापलं तर साधारण दीड मायक्रॉनच वाढतं, आणि मास्टरही त्याच खोलीत असल्यामुळे तोही तापलेला असतो. दहा मायक्रॉनच्या घराच्या डायलसाठी एवढं चालतं. खरी काळजी वेगळी: डायल मशीनवरून गरम आलेली नसावी, फिक्स्चर तळव्यात धरून ठेवलेलं नसावं, खिडकीतून ऊन त्यावर येत नसावं. सगळं साहित्य तासभर एकाच टेबलावर ठेवावं, की झालं. घर एका मायक्रॉनचं असेल तर हा हिशेब चालत नाही. तसली डायल घरच्या एसओपीतून स्पष्ट शब्दांत वगळून लॅबकडेच पाठवावी. बाजूने टेकवायची लिव्हर डायलही वेगळी, तिच्यासाठी वेगळा कागद करावा.

आता पास-नापासची मर्यादा. आयएसओ 463 आणि आपलं आयएस 2092 ही डायल गेजची मानकं आहेत. लॅबही मर्यादा सुचवते. पण आपल्याकडे ही डायल कशासाठी वापरली जाते, हे फक्त आपल्यालाच माहीत असतं. वरचीच अकरा मायक्रॉनची डायल पुन्हा घेऊ. ती शाफ्टचा रनआउट पाहायला वापरली आणि मर्यादा 0.05 मिलिमीटर असेल, तर काटा पाच घरांतच हलतो. दर दहा घरांमागे तिची चूक फार तर तीन मायक्रॉनने बदलते, म्हणजे निर्णय फारसा ढळत नाही. पण तिच्यावर अर्ध्या मिलिमीटरची पायरी मोजायची असेल आणि तिला अधिक-उणे 0.02 ची सूट असेल, तर 0.3 आणि 0.8 या दोन जागांतली अकरा मायक्रॉनची तफावत त्या वीस मायक्रॉनपैकी अर्ध्याहून जास्त खाऊन टाकते. म्हणून एसओपीत पास आणि नापास यांच्यामध्ये 'मर्यादित वापर' हा तिसरा निकाल असावा, आणि 'फक्त रनआउटसाठी' असा पिवळा स्टिकर डायलवर लावायची सोय असावी.

कागद तयार झाला की तो लिहिणाऱ्याने बाजूला व्हावं. ज्यांना हे काम करायचंय अशा दोघांना तीच डायल वेगवेगळ्या वेळी द्यावी आणि फक्त कागद वाचून तपासायला सांगावं. दोघांच्या आकड्यांत तीन मायक्रॉनहून जास्त फरक पडला, तर माणसांना बोलण्याआधी दोघांनी कुठली पायरी वेगळी केली ते शोधावं. ते वाक्य बदलावं आणि पुन्हा करून पाहावं. हे दोन-तीनदा केल्यावर कागदावरचं मराठी आपोआप त्या शॉपचं होतं.

राहिला साफसफाईचा क्रम. डायल आली की टोक आणि बाहेरची बाजू कोरड्या कापडाने पुसून लगेच पहिलं मोजमाप घ्यावं. दांडा चिकट असेल तर तो त्यानंतर अल्कोहोलच्या कापडाने साफ करावा आणि पुन्हा मोजावं. दोन्ही आकडे नोंदवावेत. प्लंजरला तेल लावू नये, त्याच्यावर धूळ बसून काही आठवड्यांत तो पुन्हा अडखळतो. आधी साफ करून मग मोजलं, तर डायल शॉपमध्ये असताना किती खोटं सांगत होती हे कायमचं पुसलं जातं. आणि नापास डायलच्या बाबतीत तोच आकडा लागतो. मागच्या चांगल्या तपासणीपासून तिने पास केलेल्या जॉबांपैकी, ज्यांचं माप मर्यादेपासून अकरा मायक्रॉनच्या आत होतं तेवढे शोधून पुन्हा मोजायचे असतात. माल गेला असेल तर ग्राहकाला कळवायचं असतं. हे शोधता यावं म्हणून प्रत्येक डायलच्या पाठीवर नंबर कोरलेला असावा आणि रोजच्या इन्स्पेक्शन शीटवर 'डायल नं.' असा एक रकाना असावा.